पंधरा दिवसांत पैसे, एक टक्का सूट

कापड बाजारात, लोखंडाच्या वखारीत, हार्डवेअरच्या ठोक दुकानात 'सीडी किती?' हा प्रश्न भाव ठरल्यावर लगेच येतो. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, लवकर पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट. व्यापाऱ्यांच्या हाडीमाशी खिळलेली ही पद्धत एमआयडीसीतला छोटा कारखानदार मात्र सहसा वापरत नाही. वापरलीच तर अगदी गळ्याशी आल्यावर, फोनवर, तोंडी: 'साहेब, या आठवड्यात सोडा, दोन टक्के कमी द्या.' तेवढ्यापुरते पैसे येतात. पण समोरच्याच्या डोक्यात पक्के बसते की या माणसाच्या दरात दोन टक्के कमी होऊ शकतात, आणि ती गोष्ट पुढच्या वर्षी दर ठरवताना हमखास बाहेर येते.

ही सूट नीट आखून, लेखी अटींसह आणि तारखा घालून द्यायची तर काय काय बघावे लागते, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले आकडे अशा कारखान्याच्या वहीत सहज सापडतील असेच घेतले आहेत.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या वसाहतीत एक मशीन शॉप आहे असे धरा. फाउंड्रीतून कास्टिंग विकत आणायचे, सीएनसीवर कातून भाग तयार करायचे आणि तीन गिऱ्हाइकांना पुरवायचे. महिन्याची विक्री जीएसटी सोडून बारा लाख. पहिले गिऱ्हाईक पंप बनवणारी मध्यम कंपनी, महिन्याला पाच लाखांचा माल घेते आणि साधारण चाळीस दिवसांत पैसे देते. दुसरे, वाहनांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी, माल चार लाखांचा; कागदावर मुदत पंचेचाळीस दिवसांची, पैसे पंचाहत्तराव्या दिवशी. तिसरा शेतीची अवजारे करणारा गावातलाच कारखानदार, तीन लाखांचा माल, बावीस दिवसांत पैसे हातात. तिघांच्याही बिलावर अठरा टक्के जीएसटी.

अडचण कुठे होते ते तारखांवरून दिसते. ६ जुलैला मोठ्या कंपनीचे बिल निघाले. कास्टिंगवाल्याला महिन्याच्या आत पैसे हवेत, कामगारांचा पगार सात तारखेला, विजेचे बिल ठरल्या दिवशी. दरमहा विवरण भरणारा असेल तर जुलैच्या विक्रीवरचा जीएसटी २० ऑगस्टला सरकारजमा करायचा, गिऱ्हाइकाने तो दिलेला असो वा नसो. आणि कंपनीचे पैसे येतात १९ सप्टेंबरला. मधला सगळा खड्डा बँकेच्या सीसी खात्यातून भरायचा, बारा टक्के व्याजाने.

अशा वेळी पहिली कल्पना सुचते ती म्हणजे सगळ्यांना पत्र पाठवू या, दहा दिवसांत पैसे द्या आणि दोन टक्के सूट घ्या. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ते किरकोळ नाहीत, कारण ते वर्षाचे नसून मोजक्या दिवसांचे आहेत. अमेरिकेतल्या बिलांवर 'दहा दिवसांत दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम' ही अट जुनी आणि परिचित आहे. वीस दिवस आधी पैसे मिळवण्याची ती किंमत वर्षाच्या हिशेबात सुमारे सदतीस टक्के पडते.

आपल्या मशीन शॉपचा हिशेब करू. बारा टक्के व्याज म्हणजे महिन्याला एक टक्का, हे ध्यानात ठेवले की कॅल्क्युलेटरही फारसा लागत नाही. मोठ्या कंपनीचे जीएसटीसह ४ लाख ७२ हजार पासष्ट दिवस आधी आले तर व्याज वाचते सुमारे १०,०९० रुपये, सूट जाते ८,००० रुपये. इथे फायदा आहे. पंपवाल्यांचे ५ लाख ९० हजार तीस दिवस आधी आले तर वाचतात ५,८२० रुपये आणि जातात १०,०००. अवजारवाल्याचे पैसे फक्त बारा दिवस आधी येतात, त्यात वाचतात १,४०० आणि जातात ६,०००. तिघांची बेरीज केली तर चोवीस हजारांची सूट देऊन सतरा हजार तीनशेचे व्याज वाचवले. म्हणजे खेळते भांडवल सुटले, पण दर महिन्याला सहा हजार सातशे रुपयांचा खड्डा पडला.

आता एक टक्का सूट आणि मुदत पंधरा दिवस धरून बघा. मोठ्या कंपनीमुळे साठ दिवसांचे ९,३१० रुपये वाचतात, सूट ४,०००. पंपवाल्यांमुळे ४,८५० वाचतात, सूट ५,०००, जवळजवळ बरोबरी. अवजारवाल्यामुळे ८१५ वाचतात आणि ३,००० जातात. एकूण सूट बारा हजार, वाचलेले व्याज पंधरा हजारांच्या आसपास. योजना आता नफ्यात आली, पण कोणाच्या जोरावर ते पाहा. मोठ्या कंपनीने सूट नाकारली आणि बाकीच्या दोघांनी घेतली, तर आठ हजार देऊन जेमतेम साडेपाच हजार वाचतात. वेळेवर पैसे देणारा माणूस सूट पहिल्या दिवसापासून घेतो, कारण त्याला काहीच बदलायचे नसते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो घेईलच असे नाही.

म्हणून पत्र लिहिण्याआधी एक काम करावे. टॅलीतून गेल्या सहा महिन्यांची बिलवार येणी काढावीत आणि प्रत्येक पार्टीपुढे कागदावरची मुदत न लिहिता पैसे खरोखर किती दिवसांनी आले तो आकडा लिहावा. सूट किती परवडते ते या आकड्यावर ठरते. व्याजाचा दरही आपला खरा दर धरावा. सीसीची मर्यादा संपली असेल आणि वरचे पैसे बाहेरून महिन्याला दोन टक्क्यांनी उचलावे लागत असतील, तर वाचणारे व्याज दुप्पट होते आणि मघाशी तोट्याची ठरलेली दोन टक्क्यांची सूटही परवडायला लागते.

इथवर आपण आपल्या बाजूने पाहिले. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात बसलेला माणूस हाच हिशेब उलट्या बाजूने करतो. त्याच्या कंपनीला बँक आठ टक्क्यांनी पैसे देते असे धरा. पंचाहत्तर दिवसांऐवजी पंधराव्या दिवशी पैसे सोडले तर कंपनीला साठ दिवसांचे व्याज पडते सुमारे ६,२०० रुपये, आणि सूट मिळते ४,०००. तो सूट घेणार नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही घेतली नसती. पण पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडे पैसे अडवून ठेवण्याची सोयच नसेल, तर त्याची तुलना तीस दिवसांशी होते. तीस दिवसांचे त्याचे व्याज ३,१०० रुपये, सूट ४,०००. आता तो घेतो.

या योजनेतली खरी मेख इथे आहे. उशीर फुकट मिळत असेल तोवर लवकर पैसे देण्याची सूट कोणाला नको असते. सूट देताना मागचे दार बंद करावे लागते, आणि ते बंद करायला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडची ठरवता येत नाही. लेखी काही ठरलेच नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

हे व्याज छोटा पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाकडे मागतो का? क्वचित. ऑर्डर जाईल ही भीती खरी असते. पण २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद आली आणि ती पुरवठादाराने तोंड न उघडताही काम करते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली ही तरतूद ४३बी(एच) या नावाने बाजारात सर्वांना ठाऊक झाली. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे कायद्यातल्या मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेर ते थकलेले राहिले, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. शिवाय पंचेचाळीस दिवसांवर थकलेल्या अशा रकमांची माहिती कंपन्यांना दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडे भरावी लागते. त्यामुळे कंपनीच्या अकाउंट्सला आपले उद्यम प्रमाणपत्र मिळालेले असणे आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणे याला सुटीच्या टक्क्याइतकेच वजन आहे. एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा आधार उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी उशिराच्या पैशांबाबतचा हा फायदा त्याला मिळत नाही.

आता पत्राकडे वळू. टक्का ठरला, पण भांडण टक्क्यावरून होत नाही, दिवस कुठून मोजायचे यावरून होते. आपण बिलाच्या तारखेपासून मोजतो. कंपनी तिच्या स्टोअरने माल जमा करून घेतल्याच्या नोंदीपासून, म्हणजे जीआरएनपासून, मोजते. अकाउंट्सचा माणूस बिल आपल्या टेबलावर आले त्या दिवसापासून मोजतो. या तिन्हींत आठवड्याचा फरक सहज पडतो. त्यामुळे 'पंधरा दिवसांत' असे न लिहिता प्रत्येक बिलावर तारीखच छापावी, '२१ जुलैपर्यंत' अशी. ती ठरवण्याआधी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला एक साधा प्रश्न विचारावा: तुमच्याकडे पेमेंट कोणत्या तारखांना सुटते? महिन्यातून दोनदाच, दहा आणि पंचवीस तारखेला, पैसे सोडणाऱ्या कंपनीला २१ तारखेची मुदत देणे म्हणजे सूट न देण्यासारखेच. तिला २५ तारीख द्यावी आणि चार दिवसांचे व्याज सोसावे.

दुसरी अट, पैसे दिले म्हणजे काय? चेक लिहिला तो दिवस, कुरियरने पाठवला तो दिवस की खात्यात जमा झाला तो दिवस? खात्यात जमा झाल्याचीच तारीख धरावी. एनईएफटी आणि आरटीजीएस आता रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालतात, त्यामुळे मध्ये रविवार आला ही सबब उरलेली नाही.

तिसरी अट जुन्या थकबाकीची. ही विसरली तर गिऱ्हाईक मेचे बिल तसेच ठेवून जुलैचे बिल सूट घेऊन चुकते करते. पैसे आले असे वाटते, खरे तर नुसती अदलाबदल झालेली असते.

पत्र साधारण असे होईल:

'आमच्या १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२६ या काळातील बिलांवर आम्ही लवकर भरण्याची सूट देत आहोत. प्रत्येक बिलावर सूट-तारीख छापलेली असेल. त्या तारखेपर्यंत बिलाची पूर्ण रक्कम आमच्या बँक खात्यात जमा झाल्यास जीएसटीपूर्व मूल्यावर १ टक्का सूट मिळेल. भरण्याच्या दिवशी आपल्याकडे आमचे मुदत उलटलेले दुसरे बिल नसावे. नियमाप्रमाणे कापलेला टीडीएस पूर्ण भरण्यात धरला जाईल. मालाबाबत लेखी तक्रार असल्यास सूट फक्त स्वीकारलेल्या मालावर मिळेल. सूट-तारखेनंतर आलेल्या रकमेवर सूट नाही, अंशतःही नाही. सुटीची रक्कम क्रेडिट नोटने पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत दिली जाईल. सूट न घेतल्यास पैसे देण्याची मुदत पूर्वीप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस राहील. आमचा उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर आहे. ही योजना ३० सप्टेंबर २०२६ च्या बिलानंतर आपोआप संपेल. तिचा मालाच्या दराशी संबंध नाही.'

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कोणाचे तरी भांडण आहे. मालाच्या तक्रारीचे घ्या. सूट-तारीख उलटल्यावर 'दहा नग रिजेक्ट होते म्हणून बिल थांबवले होते' हे उत्तर नेहमीचे. कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर मिळाल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असे धरतात. म्हणून चलनावर स्टोअरचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये, हे ड्रायव्हरला सांगून ठेवावे लागते.

क्रेडिट नोटचे वाक्य जीएसटीमुळे आले. ६ जुलैचे एक बिल घेऊ: माल एक लाखाचा, जीएसटी अठरा हजार, एकूण १,१८,०००. सूट फक्त लाखावर, म्हणजे एक हजार. यावर दोन रस्ते आहेत. जीएसटीची क्रेडिट नोट काढली तर आपला कर १८० रुपयांनी कमी होतो, पण गिऱ्हाइकाला तेवढे इनपुट क्रेडिट उलटवावे लागते. त्यासाठी सूट विक्रीआधीच ठरलेली आणि त्या-त्या बिलाशी जोडलेली असावी, अशी कायद्यातली अट होती. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ती काढून टाकण्याची शिफारस केली. आज नेमके काय लागू आहे ते आपल्या सीएकडून तपासून घ्यावे. दुसरा रस्ता साधी व्यापारी क्रेडिट नोट. हजार रुपये सोडायचे, जीएसटीला हात लावायचा नाही. आपण पूर्ण अठरा हजार भरतो, गिऱ्हाईक पूर्ण अठरा हजारांचे क्रेडिट घेते, कोणाला काही उलटवावे लागत नाही. बिलामागे १८० रुपये वाचवण्यासाठी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सचे काम वाढवले, तर तो विभाग आपली सूट नको म्हणेल. माझे मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे.

या नोटेचा आणखी एक उपयोग. गिऱ्हाइकाने आधी पूर्ण पैसे भरायचे आणि सूट मागाहून नोटेने, असे असले की तारीख पाळली की नाही ते आपण ठरवतो. गिऱ्हाइकाने स्वतःच कापून पाठवायचे ठरले तर ते तो ठरवतो, आणि २८ जुलैला हजार कापून १,१७,००० येतात. असे झाले तर गप्प बसू नये. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल जावा, की सूट-तारीख २१ जुलै होती, रक्कम २८ ला जमा झाली, हजार रुपये येणे आहेत. टॅलीत ते हजार उघडे ठेवावेत. एकदा सोडले की पुढच्या महिन्यात तीच कंपनी चाळीसाव्या दिवशी सूट कापते, आणि आपण उशीरही सोसतो, सूटही देतो. काही मोठ्या कंपन्यांची संगणक प्रणाली मागाहून येणारी नोट घेत नाही. त्यांच्यासाठी बिलावरच '२१ जुलैपर्यंत देय १,१७,०००, त्यानंतर १,१८,०००' असे दोन आकडे छापणे सोपे पडते; मात्र त्यावर नजर जास्त ठेवावी लागते.

सूट सगळ्यांना द्यावी की फक्त उशीर करणाऱ्याला? हिशेब म्हणतो फक्त मोठ्या कंपनीला. पण औद्योगिक वसाहतीत असे काही लपत नाही. चहाच्या टपरीवर अवजारवाल्याला कळते की अडीच महिने पैसे अडवणाऱ्याला सूट मिळते आणि बावीस दिवसांत देणाऱ्याला काही नाही. त्याचे बावीसचे पंचेचाळीस दिवस व्हायला मग वेळ लागत नाही. त्याला जाणारे महिन्याचे दोन हजार हा त्याची सवय टिकवण्याचा खर्च समजावा. पंपवाल्यांच्या बाबतीत वाद नाही, तिथे बरोबरी आहे.

काही गिऱ्हाइकांवर मात्र सुटीचा काहीच परिणाम होत नाही. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याचेच पैसे वर अडकलेले आहेत, तो एका टक्क्याने हलत नाही आणि पाचनेही नाही. ओळखायचे कसे? तो तुकड्यांत पैसे देतो, दर वेळी वेगळ्या कारणाने, आणि सुटीचे पत्र मिळाल्यावर अटींबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. अशा ठिकाणी सूट न देता उधारीची मर्यादा खाली आणावी. उलट खूप मोठी, पत असलेली कंपनी असेल तर सूट देण्याआधी ट्रेड्सचा दर विचारून पाहावा. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तिथे आपले बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि आपल्याला कंपनीच्या पतीवर, बहुधा आपल्या सीसीपेक्षा स्वस्त दराने, पैसे आधी मिळतात. कंपनी बिल मान्य करायला किती दिवस लावते, एवढाच तिथला प्रश्न.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तीच बिलवार यादी काढायची आणि प्रत्येक पार्टीपुढे नवे दिवस लिहायचे. मोठी कंपनी पंचाहत्तरवरून वीसच्या आत आली असेल तर नव्या तारखा घालून नवे पत्र द्यायचे, डिसेंबरअखेरपर्यंतचे. जुनेच 'चालू ठेवतो' असे म्हणायचे नाही. जुलैत पंधरा, ऑगस्टमध्ये तीस आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा सत्तर दिवस लागले असतील, तर मध्ये त्यांच्या अकाउंट्समधला माणूस बदलला असण्याचीही शक्यता असते, म्हणून एकदा फोन करून बघावा. आणि जानेवारीत दर ठरवायच्या बैठकीला पर्चेस मॅनेजर म्हणेल, 'तो एक टक्का दरातच कमी करून टाका ना.' तेव्हा पत्राचे शेवटचे वाक्य त्याच्यापुढे ठेवायचे, आणि सोबत ज्या-ज्या बिलांवर सूट-तारीख चुकली होती त्यांची यादी.